घोडी नेमकी कुठे लंगडते? सांधा दुमडून आणि पाय बधिर करून वेदनेची जागा कशी शोधतात

उन्हाळ्यातील लग्नसराई सुरू झाली की नागपुरात वरातीच्या घोड्या संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत डांबरी रस्त्यावर उभ्या असतात आणि त्याच दिवसांत 'घोडी लंगडते' ही तक्रार घेऊन येणारे मालक वाढतात. यांतील बहुतेक मालक निदानही स्वतःच करून येतात. पुढचा पाय लंगडत असेल तर ते ठामपणे म्हणतात, "डॉक्टरसाहेब, घोडी खांद्यात भरली हाये." मग आम्ही तिचा पाय दुमडून धरतो, तिला पळवतो, खुराच्या वर बारीक सुई टोचतो आणि पुन्हा पळवतो. दुखणारा पाय मुद्दाम दुमडायचा आणि मग तोच पाय बधिर करून घोडीला पळवायचे, हा प्रकार पाहणाऱ्याला अनाकलनीय वाटतो. त्यामागचा विचार काय असतो, हे एका घोडीच्या तपासणीच्या आधारे सांगतो.

ही नऊ वर्षांची मारवाडी घोडी मालकांनी काही वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या बाजारातून आणली होती. महिनाभरापासून ती पुढच्या पायांनी आखूड पावले टाकत होती आणि डावा पाय 'चोरत' होती. तीन आठवडे खांद्याला तेल चोळून झाले होते. वेदनाशामक औषध दिले की दोन दिवस बरे वाटायचे, पण औषध बंद केले की चाल पुन्हा तशीच व्हायची. तपासणीला आणण्यापूर्वी काही दिवस ते औषध पूर्ण बंद ठेवायला मी सांगितले, कारण औषधाने दबलेली वेदना तपासणीत सापडत नाही.

आधी पाय समजून घेऊ

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर उभा असतो. त्याचे खूर म्हणजे आपल्या बोटाचे नख. पुढच्या पायाच्या मध्यावरील ज्या सांध्याला आपण 'गुडघा' म्हणतो, ते शरीररचनेच्या दृष्टीने त्याचे मनगट असते. त्याच्या खाली एक लांब हाड आणि मग 'फेटलॉक' नावाचा सांधा येतो, जो पायावर भार पडला की मागे झुकतो. त्याच्या खाली आखूड तिरका भाग आणि शेवटी खूर. खुराच्या आत, टाचेच्या बाजूला, होडीच्या आकाराचे एक छोटे हाड असते. त्याला नॅव्हिक्युलर म्हणतात. पाय मागे दुमडणारी जाड कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, या हाडावरून कप्पीवरील दोरासारखी सरकते.

शरीराच्या वजनाचा साधारण साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि तो शेवटी या एवढ्याशा खुरांवर येतो. पुढच्या पायाची लंगड बहुतांश वेळा खुरातून किंवा त्याच्या आसपासच्या भागातून येते, त्याचे हे एक मोठे कारण आहे. खांदा खरोखर दुखत असल्याचे प्रसंग त्या मानाने थोडे. तरीही मालकांची नजर खांद्याकडे जाते, आणि ते स्वाभाविक आहे. खूर दुखणारा घोडा पाय पुढे नीट फेकत नाही, त्यामुळे खांद्याची हालचालच अडखळल्यासारखी दिसते आणि न वापरलेले स्नायू कालांतराने बारीकही होतात.

डोके कुठल्या पायावर खाली जाते?

पहिली पायरी म्हणजे घोडीला कडक, सपाट जमिनीवर दुडकी चालीने पळवणे. दुडकी चालीत समोरासमोरचे तिरपे पाय, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, एकाच वेळी जमिनीला टेकतात आणि त्यानंतर दुसरी जोडी टेकते. ही चाल दोन्ही बाजूंना अगदी सारखी असल्यामुळे थोडासा फरकही डोळ्याला टिपता येतो. मे महिन्यात आम्ही हे काम सकाळी लवकर उरकतो, कारण ऊन चढल्यावर डांबर मऊ पडते आणि मऊ जमिनीवर खुराची लंगड झाकली जाते.

पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकतो त्या क्षणी त्यावर कमी भार पडावा म्हणून घोडा डोके वर उचलतो आणि चांगल्या पायावर डोके खाली सोडतो. म्हणून ज्या पायावर डोके खाली जाते तो पाय चांगला. हे नेमके उलट समजणारे लोक पुष्कळ असतात आणि त्यामुळे चांगल्या पायावर महिनोन्महिने उपचार झालेले घोडे मी पाहिले आहेत. यात आणखी एक फसगत आहे. मागचा डावा पाय खूप दुखत असेल तर भार पुढे ढकलण्यासाठी घोडा डोके अशा क्षणी खाली टाकतो की पुढचा डावा पायच लंगडतो असे वाटते. म्हणून डोके पाहून झाले तरी मागून कंबरेच्या हाडांची वर-खाली होणारी हालचाल पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही.

लंगडीची तीव्रता 0 ते 5 अशा श्रेणीत नोंदवतात. 0 म्हणजे लंगड दिसत नाही, 3 म्हणजे दुडकी चालीत कुठेही पळवले तरी दिसते, 4 म्हणजे साध्या चालीतही स्पष्ट दिसते आणि 5 म्हणजे घोडा पाय जवळजवळ टेकवतच नाही. ही घोडी सरळ रेषेत किंचितच डोके हलवत होती, पण डाव्या हाताला गोल फिरवल्यावर प्रत्येक वेळी डावा पाय लंगडत होता. मी श्रेणी 2 नोंदवली. मनात आणखी एक गोष्ट टिपून ठेवली, ती अशी की तिची पावले दोन्ही पुढच्या पायांनी आखूड पडत होती.

सांधा दुमडण्याची चाचणी

लांबच्या बसप्रवासात गुडघे दुमडून बसल्यावर उठताना निरोगी माणसाची पहिली दोन पावले जड पडतात, पण संधिवात असलेल्या माणसाला बरेच अंतर लंगडत जावे लागते. सांधा ताणून दुमडला की आतील दाब वाढतो, वेष्टन ताणले जाते आणि दबलेली वेदना काही क्षण उफाळून येते. घोड्याच्या बाबतीत हेच ठरवून केले जाते आणि त्याला फ्लेक्शन टेस्ट म्हणतात.

पायाचा खालचा भाग हाताने वर उचलून फेटलॉक आणि त्याखालचे सांधे घट्ट दुमडतात आणि साधारण एक मिनिट तसेच धरून ठेवतात. मिनिट संपताच पाय खाली सोडायचा आणि घोडी धरणाऱ्याने तिला त्याच क्षणी सरळ रेषेत दुडकी चालीने पळवायचे. मध्ये ती वळली, अडली किंवा दोन पावले साधी चालली तर चाचणी वाया जाते. पहिली दोन-तीन पावले अडखळली तर त्याला महत्त्व देत नाहीत. त्यापुढेही लंगड वाढलेली दिसली तर चाचणी सकारात्मक धरतात. त्यानंतर गुडघ्याचा सांधा वेगळा दुमडतात, आणि प्रत्येक चाचणी दुसऱ्या पायावरही तेवढाच वेळ आणि तेवढ्याच जोराने करतात. शक्यतो चारही वेळा पाय धरणारा माणूस एकच असावा, कारण हाताचा जोर माणसागणिक बदलतो आणि निकालही त्याबरोबर बदलतो.

आमच्या घोडीचा डावा पाय खालून दुमडल्यावर ती दहा-बारा पावले स्पष्ट लंगडली. उजव्या पायावर चार-पाच पावले, थोडीशी. दोन्ही गुडघे दुमडल्यावर काहीच फरक पडला नाही.

मग फेटलॉकच दुखतो असे का म्हणू नये?

हा प्रश्न मालकांनीही विचारला आणि तो योग्य आहे. अडचण अशी की पायाचा खालचा भाग दुमडताना फेटलॉक एकटा दुमडत नाही. त्याखालचा तिरक्या भागातला सांधा, खुराचा सांधा, नॅव्हिक्युलर हाड आणि त्यावरची कंडरा या सगळ्यांवर ताण येतो. मागच्या पायात तर परिस्थिती आणखी अवघड आहे. तिथे ढोपर आणि त्याखालचा हॉक नावाचा सांधा पुढून आणि मागून दोन घट्ट दोऱ्यांनी असे बांधलेले असतात की एक दुमडला की दुसरा आपोआप दुमडतो. त्यांची वेगवेगळी चाचणी हाताने करताच येत नाही.

शिवाय पुरेसा जोर लावला तर पूर्ण निरोगी घोडाही काही पावले लंगडतो. केवळ ही चाचणी सकारात्मक आली म्हणून घोडा बाजारातून परत पाठवणे किंवा केवळ ती नकारात्मक आली म्हणून निर्धास्तपणे विकत घेणे, हे दोन्ही मला चुकीचे वाटते. ही चाचणी कोणत्या भागात शोध घ्यायचा ते सुचवते. पुरावा पुढच्या पायरीत मिळतो.

पाय बधिर करण्यामागचा विचार

दात काढण्यापूर्वी दंतवैद्य हिरडीत सुई देतात आणि तेवढाच भाग बधिर होतो. घोड्याच्या पायात वेदनेची सूचना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूजवळ तसेच औषध दिले तर त्या मज्जातंतूच्या खालचा भाग मेंदूपुरता गप्प होतो. घोडीची लंगड त्यानंतर नाहीशी झाली तर वेदना त्या भागात होती, आणि लंगड तशीच राहिली तर ती आणखी वर कुठेतरी आहे. घोडीला बोलता येत नसले तरी या पद्धतीने तिला 'इथे दुखते का?' असे विचारता येते आणि तिची चाल उत्तर देते. याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात.

सुरुवात नेहमी सर्वांत खालून करतात. पावसाळ्यात नाग नदी गढूळ झाली आणि गाळ कुठल्या नाल्यातून येतो हे शोधायचे असेल तर आपण मुख्य पात्रच अडवणार नाही, कारण मग सगळेच पाणी थांबेल आणि काही कळणार नाही. सर्वांत टोकाच्या नाल्याला बांध घालून पाहायचे, नदी निवळली नाही तर त्याच्या वरच्या नाल्याकडे जायचे. पायातील मज्जातंतूही असेच खालून वर येताना एकमेकांना मिळत जातात.

पहिला ब्लॉक टाचेच्या थोडा वर, पायाच्या मागच्या दोन कडांवर देतात. तिथे बोट ठेवले की रक्तवाहिनीचे ठोके लागतात आणि मज्जातंतू तिच्या लगेच मागे असतो. कातडी स्वच्छ करून, दीड सेंटिमीटर लांबीची अगदी बारीक सुई सिरिंज न जोडता आधी टोचतात, कारण घोडी दचकून पाय झटकते तो याच वेळी, आणि सिरिंज जोडलेली असेल तर ती हातातून उडते किंवा सुई वाकते. घोडी शांत झाल्यावर सिरिंज जोडून दोन्ही बाजूंना सुमारे दीड-दीड मिलिलीटर लिग्नोकेन देतात. पाच मिनिटांनी, घोडीला हात दिसणार नाही अशा बाजूने, टाचेच्या कातडीवर बंद पेनाचे टोक दाबून पाहतात. तिने पाय ओढला नाही तर ब्लॉक लागला असे समजून तिला पुन्हा पळवतात.

इथे घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागते. औषध दिले त्या ठिकाणी ते स्थिर राहत नाही, मज्जातंतूच्या कडेने हळूहळू वर सरकते. दहा मिनिटांच्या आत घोडी सुधारली तर उत्तर बऱ्यापैकी विश्वासार्ह असते. अर्ध्या तासाने सुधारली तर औषध फेटलॉकपर्यंतही पोहोचले असण्याची शक्यता असते आणि सुधारणा कशामुळे झाली हे सांगता येत नाही. म्हणून मधल्या वेळेत घोडीला हिंडवायचे नाही, एका जागी उभे ठेवायचे.

पहिल्या ब्लॉकने फरक पडला नाही तर पुढचा ब्लॉक फेटलॉकच्या मागील दोन छोट्या हाडांच्या पायथ्याशी देतात, त्याने खूर आणि त्यावरचा तिरका भाग बधिर होतो. त्यानंतरचा आणखी वर चार ठिकाणी देतात, त्याने फेटलॉकही त्यात येतो. तिथेही उत्तर मिळाले नाही तर गुडघ्याच्या दिशेने वर जायचे, किंवा एखाद्या सांध्याच्या आतच औषध द्यायचे. सांध्यात सुई घालताना मात्र शस्त्रक्रियेइतकी स्वच्छता पाळावी लागते, कारण सांध्यातील जंतुसंसर्ग घोड्याच्या जिवावर बेतू शकतो.

या घोडीने दिलेले उत्तर

डाव्या पायाचा पहिला ब्लॉक दिला. "दुखते खांद्यात, अन् सुई टाचेत काहून?" असे मालकांनी विचारले. सात मिनिटांनी पेनाचे टोक दाबले, घोडी हलली नाही. पळवली, आणि डाव्या पायाची लंगड पूर्ण गेली होती. पण डोके अजून हलतच होते. नीट पाहिल्यावर लक्षात आले की आता डोके उजवा पाय टेकताना वर जात होते.

ती लंगड नवी नव्हती. दोन्ही पाय दुखत होते, डावा अधिक आणि उजवा कमी. जास्त दुखणारा पाय शांत झाल्यावर कमी दुखणाऱ्याला प्रथमच बोलायला वाव मिळाला. दोन्ही पायांची पावले आखूड का पडत होती, याचा उलगडा इथे झाला. उजव्या पायालाही तसाच ब्लॉक दिला आणि मग तिने जी पावले टाकली त्यांत आणि सकाळच्या पावलांत वीतभर अंतराचा फरक असावा. खांदे मोकळे फिरत होते. डावा पाय पुन्हा मिनिटभर दुमडून पळवले, या वेळी ती लंगडली नाही. म्हणजे सकाळी दुमडल्यावर जी वेदना जागी झाली होती ती खुरातील होती, फेटलॉकमधील नव्हती.

लंगड पूर्णच जायला हवी असे नाही. सुधारणा सुमारे सत्तर-ऐंशी टक्के असेल तर ब्लॉक सकारात्मक धरतात. मात्र या पहिल्या ब्लॉकची मर्यादा सांगायला हवी. पूर्वी असे मानत की त्याने केवळ खुराची टाचेकडील बाजू बधिर होते. आता हे माहीत आहे की तळवा आणि खुराच्या सांध्याचा बराचसा भागही त्यात गप्प होतो. म्हणून 'वेदना खुरात आहे' एवढेच त्यावरून खात्रीने म्हणता येते, 'नॅव्हिक्युलर हाडातच आहे' असे म्हणता येत नाही.

थेट एक्स-रे का काढू नये?

खर्चाचा विचार करणारा प्रत्येक मालक हे विचारतो. खांद्यापासून खुरापर्यंत दोन्ही पायांचे निरनिराळ्या कोनांतून एक्स-रे काढायचे म्हटले तर डझनावारी चित्रे लागतील, आणि नऊ वर्षांच्या कामकरी घोडीच्या त्या चित्रांत कुठे ना कुठे जुनी झीज दिसणारच. ती झीज आज दुखते की नाही, हे चित्र सांगत नाही. उलट कंडरा किंवा सांध्यांना बांधणारे मऊ भाग दुखत असतील तर एक्स-रे निर्दोष येतो. आधी जागा ठरवून मग तेवढ्याच भागाचा एक्स-रे काढला तर त्यात जे दिसेल त्याला अर्थ असतो.

बधिर पायावर पळवल्याने इजा वाढणार नाही का?

वाढू शकते, आणि हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. हाडाला केसासारखी बारीक चीर असेल तर वेदनेमुळे घोडा त्यावर भार टाकत नाही. हे त्याचे संरक्षण असते. तो पाय बधिर करून पळवला तर चिरेचा पूर्ण अस्थिभंग होऊ शकतो. म्हणून अचानक आलेली तीव्र लंगड, साध्या चालीतही पाय न टेकवणे, हाडावर दाबल्यावर ठराविक जागी कळ येणे, अशी चिन्हे असतील तर ब्लॉक द्यायचा नाही, तिथे आधी एक्स-रेच काढायचा. त्यापूर्वी खुराला चिमट्याने दाबून पाहणे आवश्यक असते, कारण एका रात्रीत पाय टेकवेनासा झालेल्या घोड्याच्या खुरात पुष्कळदा पू झालेला सापडतो आणि तो बाहेर काढला की काम होते.

ब्लॉक देऊनही लंगड गेली नाही तर दोन शक्यता तपासतात. औषध मज्जातंतूजवळ पोहोचलेच नसेल, आणि ते कातडीवरील पेनाच्या चाचणीने कळते. किंवा लंगड वेदनेची नसेलच. आखडलेला सांधा, ताणून चिकटलेला स्नायू किंवा मज्जासंस्थेचा आजार यांमुळे चाल बिघडली असेल तर कितीही बधिर केले तरी ती सुधारत नाही.

"आता बरी झाली, तर आज रात्री वरातीला नेऊ का?"

दोन्ही पाय बधिर असताना घोडीची मोकळी चाल पाहून मालकांनी हाच प्रश्न विचारला, आणि त्यांचा आनंद पाहून नकार देणे सोपे नव्हते. रोग तिथेच होता, फक्त त्याची सूचना थांबली होती. लिग्नोकेनचा असर तास-दीड तास टिकतो आणि तोवर घोडीला पाय कसा पडतो हे नीट समजत नसल्याने ती अडखळून पडू शकते. स्वार पाठीवर असेल तर दोघांनाही धोका. पूर्ण संवेदना परत येईपर्यंत तिला मऊ जमिनीवर बांधून ठेवले.

नंतर दोन्ही पुढच्या खुरांचेच एक्स-रे काढले. डाव्या नॅव्हिक्युलर हाडाच्या कडेला झीज स्पष्ट होती, उजव्याला कमी. त्याहून बोलके होते ते खुरांचे आकार. पुढचे टोक फार वाढलेले आणि टाच खाली बसलेली, म्हणजे प्रत्येक पावलाला कंडरा त्या छोट्या हाडावर अधिकच दाबली जात होती. नालबंदाला बोलावून त्याला एक्स-रे दाखवले. त्याने टोक मागे घेतले आणि टाचेला आधार देणारी, मागून बंद असलेली नाल बसवली. वरातींपासून सहा आठवडे सुट्टी ठरली आणि वेदनाशामक औषध मोजक्याच दिवसांसाठी दिले.

सहा आठवड्यांनी त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, त्याच माणसाने पाय दुमडून तपासणी केली. सरळ रेषेत डोके हलत नव्हते. डाव्या हाताला गोल फिरवल्यावर डावा पाय अजूनही किंचित जाणवत होता, श्रेणी 1. मालकांनी खांद्याला तेल चोळणे बंद केले होते आणि नालबंदाची पुढची तारीख भिंतीवरील कॅलेंडरवर लिहून ठेवली होती.